ओहने, सां, सेन्झा : पाकिटावरचा 'विना' नेमका कशाविना?

प्रश्न : मामेभाऊ झुरिकहून सोलापूरला आला, येताना मिल्क चॉकलेटच्या वड्या घेऊन आला. पाकिटावर इंग्रजी एक अक्षर नाही. समोरच ओ-एच-एन-ई, एस-ए-एन-एस आणि एस-ई-एन-झेड-ए असे तीन शब्द आहेत, पुढे साखरेसारखं काहीतरी लिहिलंय. भाऊ म्हणतो, 'शुगर फ्री आहे, काकांना दे.' बाबांना शुगर आहे आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. या तीन शब्दांवरून दोघांचं काय ठरवायचं?

उत्तर : तिन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे : 'विना'. ओ-एच-एन-ई हा जर्मन शब्द, उच्चार 'ओऽन'. एस-ए-एन-एस हा फ्रेंच, उच्चार 'सां'. एस-ई-एन-झेड-ए हा इटालियन, उच्चार 'सेन्त्सा'. स्वित्झर्लंडमध्ये या तिन्ही भाषा सरकारी आहेत, म्हणून तिथल्या दुकानांतल्या मालावर एकच वाक्य बहुधा तीनदा छापलेले असते. आपल्याकडच्या निर्यातीच्या टॉवेलावर 'शंभर टक्के सुती' हेच तीन-चार भाषांत शिवलेले असते, तसाच हा प्रकार. तेव्हा पाकिटातून तीन वेगवेगळ्या गोष्टी वगळल्या आहेत असे समजू नका. गोष्ट एकच वगळली आहे आणि ती तीनदा सांगितली आहे. हा गैरसमज फार जणांचा होतो.

आता थोडक्यात निकाल : बाबांना एखादी छोटी वडी चालू शकते, पण हे चॉकलेट 'शुगर फ्री' नाही. मुलाला ते अजिबात देऊ नका. दोन्हींचे कारण समोरच्या तीन शब्दांत नाही, त्यांच्या पुढच्या शब्दात आणि मागच्या बारीक अक्षरांत आहे.

'विना' हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. तो फक्त त्याच्या लगेच पुढे आलेल्या शब्दाला लागू होतो आणि त्यापलीकडच्या कशालाही नाही. आपल्याकडे कुणी बिनसाखरेचे दूध मागितले, तर आपण वरून साखर घालत नाही. दुधात मुळातच असलेली साखर, म्हणजे लॅक्टोज, शंभर मिलीला साधारण पावणेपाच ग्रॅम, ती तशीच राहते. आपल्या बोलण्यात 'बिनसाखरेचे' या शब्दाचे दोन अर्थ होतात : 'वरून न घातलेले' आणि 'मुळात नसलेले'. युरोपच्या कायद्याने या दोन अर्थांना दोन वेगळी वाक्ये नेमून दिली आहेत, आणि तुमच्या पाकिटाचा सगळा घोळ या दोन वाक्यांमधला आहे.

पहिले वाक्य 'साखरविरहित'. फ्रेंचमध्ये 'सां सुक्र', इटालियनमध्ये 'सेन्त्सा त्सुक्केरी', जर्मनमध्ये बहुतेक वेळा 'विना' वेगळा न लिहिता शब्दाच्या शेपटाला एफ-आर-ई-आय जोडतात आणि 'त्सुकरफ्राय' करतात. हे छापायचे असेल तर शंभर ग्रॅम किंवा शंभर मिलीत साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही 'शुगर फ्री'ची मर्यादा तेवढीच आहे. दुसरे वाक्य 'साखर न घातलेले'. फ्रेंचमध्ये सुक्रच्या पुढे ए-जे-ओ-यू-टी या अक्षरांनी सुरू होणारा शब्द येतो, इटालियनमध्ये ए-डबल जी-आय-यू-एन-टी-आय असा शब्द येतो, आणि जर्मनमध्ये झेड-यू-सी-के-ई-आर या साखरेच्या शब्दालाच झेड-यू-एस-ए-टी-झेड चिकटलेले असते. या दुसऱ्या वाक्यासाठी शेवटी साखर किती उरते याला काही मर्यादा नाही. अट इतकीच की साखर किंवा गोडी आणण्यासाठी वापरला जाणारा दुसरा गोड पदार्थ, जसे मध किंवा गोड सिरप, घातलेला नसावा. पदार्थात मूळची साखर असेल तर 'यात नैसर्गिक साखर आहे' अशी ओळ सोबत द्यावी लागते, आणि ती सहसा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते.

संत्र्याच्या रसावर हा फरक लगेच दिसतो. 'सां सुक्र अजूते' लिहिलेल्या रसाच्या शंभर मिलीत साधारण आठ ते दहा ग्रॅम साखर असते, कारण ती फळाचीच आहे. दोनशे मिलीच्या पेल्यात सोळा ते वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. पाकिटावरची माहिती अक्षरशः खरी आहे, पण शुगर असलेल्या माणसासाठी हा पेला साध्या रसाच्या पेल्यासारखाच आहे. मुरंबा, सुकामेव्याच्या वड्या, बाळांसाठीची फळांची पिशवी या सगळ्यांना हेच लागू.

तुमच्या वर्णनावरून 'ओऽन'च्या पुढचा साखरेचा शब्द 'साखर न घातलेले' याच प्रकारातला असणार. मिल्क चॉकलेटमध्ये दुधाची भुकटी असते, भुकटीत लॅक्टोज असते, म्हणून त्यावर 'साखरविरहित' छापताच येत नाही. तरी वर दिलेल्या अक्षरांनी एकदा पडताळून घ्या.

मग गोडी कशाची? हे मागच्या घटकांच्या यादीत मिळते, आणि अशा चॉकलेटमध्ये ते नाव बहुतेक वेळा 'माल्टिटोल' असते. जर्मन, फ्रेंच, इटालियन तिन्हीत तो शब्द थोड्याफार फरकाने तसाच असतो, क्रमांक ई ९६५. हा साखरेच्या मद्यार्कांपैकी एक. नावात मद्यार्क असला तरी दारूशी त्याचा काही संबंध नाही, वारकरी माणसानेही दचकायचे कारण नाही. हा पूर्ण पचत नाही, म्हणून रक्तातली साखर तो साध्या साखरेपेक्षा हळू आणि कमी वाढवतो, पण वाढवतो. शून्य नाही. शुगर असलेली माणसे इथेच फसतात : 'साखर घातलेली नाही' हे वाचून अख्खी वडी खातात आणि दोन तासांनी मीटरवर आकडा पाहून कोड्यात पडतात.

कोष्टक कसे वाचायचे ते एका नमुन्यावर पाहू. अशा शंभर ग्रॅमच्या वडीचे आकडे साधारण असे असतात : चरबी ३६ ग्रॅम, कर्बोदके ५०, त्यातली साखर ६, बहुमद्यार्क म्हणजे माल्टिटोलसारखे साखरेचे मद्यार्क ४०, प्रथिने ७ ग्रॅम. साखरेची ओळ कर्बोदकांच्या खाली थोडी आत सरकवून छापलेली असते आणि तिची सुरुवात 'त्यापैकी' या अर्थाच्या शब्दाने होते : जर्मनमध्ये 'दाफॉन', फ्रेंचमध्ये 'दों', इटालियनमध्ये 'दी कुई'. म्हणजे ती सहा ग्रॅम साखर पन्नासमध्येच धरलेली आहे, वेगळी नाही. बहुमद्यार्कही त्या पन्नासमध्येच येतात. उरलेले चार ग्रॅम स्टार्च वगैरे.

आता उष्मांक मोजू. चरबीच्या ग्रॅमला नऊ, प्रथिनांच्या आणि साध्या कर्बोदकांच्या ग्रॅमला चार, माल्टिटोलच्या ग्रॅमला २.४ धरतात. चरबीचे ३२४, प्रथिनांचे २८, साखरेचे २४, माल्टिटोलचे ९६, उरलेल्या चार ग्रॅमचे १६. बेरीज ४८८ किलोकॅलरी. साध्या मिल्क चॉकलेटचे शंभर ग्रॅमला सुमारे ५३५ ते ५४० होतात. एवढा खटाटोप करून फरक पन्नासच्या आसपास, कारण चॉकलेटच्या उष्मांकांचा मोठा वाटा चरबीचा असतो आणि ती इथे तशीच आहे. बाबांचे वजन किंवा कोलेस्टेरॉल हाही प्रश्न असेल तर 'विना'च्या त्या तीन शब्दांनी त्यांना काहीच वाचवलेले नाही.

आकडे वाचताना एक खाचखळगा आहे. तिकडे बहुतेक ठिकाणी दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. ५,६ म्हणजे पाच पूर्णांक सहा दशांश, छप्पन्न नव्हे. आणि जर्मनीतल्या पाकिटांवर कधी हजाराच्या जागी टिंब दिसते. ऊर्जा आधी किलोज्यूलमध्ये दिलेली असते, आपल्याला हवा तो किलोकॅलरीचा आकडा तिरप्या रेघेनंतर येतो. घाईत पहिला आकडा वाचला तर दोन हजाराच्या घरातला आकडा पाहून माणूस घाबरतो. मिठाबाबतही लक्ष ठेवा : तिथे मीठ ग्रॅममध्ये देतात, आपल्याकडे सोडियम मिलिग्रॅममध्ये. तिकडचा मिठाचा आकडा अडीचने भागला की सोडियम ग्रॅममध्ये मिळते.

बाबांनी वडी किती खावी? कोष्टकातला शंभर ग्रॅमचा आकडा वडीच्या तुकड्यावर आणा. वडीचे सोळा तुकडे असतील तर एक तुकडा सव्वासहा ग्रॅमचा, त्यात अडीच ग्रॅम माल्टिटोल आणि अर्ध्या ग्रॅमहून थोडी कमी साखर. जेवणानंतर एक-दोन तुकडे, आणि पहिल्या वेळी दोन तासांनी मीटर लावून पाहणे, एवढे पुरे. अख्खी वडी एका बैठकीत खाल्ली तर चाळीस ग्रॅम माल्टिटोल पोटात जातो आणि पोटात गुडगुड, वात, जुलाब होण्याची शक्यता मोठी. म्हणूनच घातलेल्या बहुमद्यार्कांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले की 'अति सेवनाने जुलाब होऊ शकतात' ही सूचना युरोपात छापावीच लागते. जर्मनमध्ये त्या ओळीत 'आबफ्यूऽरेंड' शब्द असतो, फ्रेंच आणि इटालियनमध्ये 'लाक्सातिफ' आणि 'लास्सातिवी', हे दोन्ही इंग्रजीतल्या लॅक्झेटिव्हचे भाऊबंद, म्हणून ओळखायला सोपे. पाकीट उलटल्यावर हा शब्द सापडला की यादी न वाचताही समजा : गोडी माल्टिटोल किंवा त्याच्या जातीच्या कशाची तरी आहे.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बाबा गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असतील आणि कधी शुगर उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर हे चॉकलेट देऊ नका. त्यात रक्तात पटकन जाणारी साखर जवळपास नाही आणि चरबीमुळे जे आहे तेही उशिरा पोचते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. 'चॉकलेट गोडच असते' असे समजून हेच चॉकलेट पुढे केले जाते आणि मोलाची दहा-पंधरा मिनिटे जातात.

आता मुलाकडे वळू, कारण तिथे चूक झाली तर ती गंभीर. त्याच्यासाठी समोरचा 'विना' पूर्ण बाजूला ठेवा. तो साखरेबद्दल आहे, दुधाबद्दल नाही. आणि समजा भाऊ पुढच्या वेळी 'सां लाक्टोज' किंवा 'लाक्टोझेफ्राय' लिहिलेले काही घेऊन आला, तरीही ते मुलासाठी नाही. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ज्यांना ती पचत नाही, दूध प्यायल्यावर पोट फुगते, त्यांच्यासाठी दुधात लॅक्टेज नावाचे विकर घालतात. ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते. दुधातली प्रथिने, केसीन आणि पनीर करताना उरणाऱ्या निवळीतली प्रथिने, जशीच्या तशी राहतात. अ‍ॅलर्जी असते ती या प्रथिनांची. लॅक्टोजविना दूध म्हणजे मुलाच्या दृष्टीने पूर्ण दूधच. (बाबांच्या दृष्टीनेही : साखर फुटली तरी नाहीशी होत नाही, आणि असे दूध चवीला उलट जास्त गोड लागते.)

मुलासाठी घटकांची यादीच वाचायची. युरोपीय संघात अ‍ॅलर्जीचे चौदा गट ठरलेले आहेत आणि त्यांची नावे यादीत उठून दिसतील अशी छापावी लागतात, बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरांत. स्वित्झर्लंडमध्येही ती वेगळी दिसावीत असाच नियम आहे. तेव्हा यादीत फक्त ठळक शब्दांवरून नजर फिरवा आणि दुधाचे शब्द शोधा : जर्मन 'मिल्ख', स्पेलिंग एम-आय-एल-सी-एच, फ्रेंच 'ले', एल-ए-आय-टी, इटालियन 'लात्ते', एल-ए-टी-टी-ई. शिवाय पनीर-चीजच्या निवळीचे शब्द वेगळे येतात : जर्मन 'मोल्के', फ्रेंच 'लाक्टोसेरोम', इटालियन 'सिएरो'. तुमच्या मिल्क चॉकलेटात दुधाची भुकटी ठळक छापलेली सापडेलच.

उलट बाजूनेही फसगत होते. इटालियन यादीत 'बुर्रो' दिसले की ते लोणी, म्हणजे मुलाला वर्ज्य. पण त्याच्यापुढे 'दी काकाओ' असेल तर ते कोकोचे तूप, बियांपासून निघालेले, दुधाशी संबंध नाही. फ्रेंचमध्येही 'बर' म्हणजे लोणी आणि 'बर द काकाओ' म्हणजे कोकोचे तूप. कोकोचे तूप ठळक छापलेले नसते, दुधाचे लोणी असते. शब्द कळला नाही तरी अक्षरांचा ठसा बघून ओळखता येते.

यादी संपल्यावर एक सुटी ओळ असते : 'यात अमुकचा अंश असू शकतो'. जर्मनमध्ये त्यात 'श्पूरेन', फ्रेंचमध्ये 'त्रास', इटालियनमध्ये 'त्राच्चे' हा शब्द येतो. शेवटचे दोन इंग्रजी 'ट्रेस'सारखेच दिसतात. या ओळीतही मिल्ख, ले, लात्ते शोधा. डार्क चॉकलेट बहुतेक त्याच यंत्रावर होते ज्यावर आधी मिल्क चॉकलेट झालेले असते, म्हणून यादीत दूध नसतानाही या ओळीत ते वारंवार येते, आणि ते अनेकदा खरेच असते. आणखी एक : युरोपीय संघात ही ओळ देणे बंधनकारक नाही. ती नसली म्हणजे अंश नाही असे सिद्ध होत नाही. मुलाची अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर हा मुद्दा त्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावा लागेल.

त्याच ओळीत फ्रेंचमध्ये 'फ्रुई आ कोक' किंवा इटालियनमध्ये 'फ्रुत्ता आ गुश्यो' असे येते. 'फ्रूट' वाटून लोक ते सोडून देतात. शब्दशः 'कवचाची फळे', म्हणजे बदाम, काजू, अक्रोड, हेझलनट. शेंगदाणे त्यात धरत नाहीत, त्यांचा गट वेगळा : जर्मन 'एर्डन्यूसे', फ्रेंच 'आराशिद', इटालियन 'आराकिदी'. शेंगाचटणीच्या गावात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले मूल घरात असेल तर हा शब्द कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवावा असा आहे.

'विना'ची इतर वाक्ये थोडक्यात. 'ग्लूटेन'च्या आधी आला तर किलोला वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही, हे मोजून ठरवलेले आणि विश्वासाचे. इटालियन पाकिटावर 'ओलिओ दी पाल्मा'च्या आधी आला तर फक्त पामतेल नाही, तेल दुसरे असू शकते, कदाचित तितकेच. जर्मन पाकिटावर 'गेनटेखनिक'च्या आधी आला तर जनुकबदल केलेला चारा-कच्चा माल नाही, साखर-चरबीशी त्याचे देणेघेणे नाही. शाकाहारी घरांसाठी : तिकडे हिरवा ठिपका नसतो. 'वेजेतारिश' लिहिलेल्या पदार्थात अंडे असू शकते, ते जर्मन 'आय', फ्रेंच 'अफ', इटालियन 'उओवा' या नावांनी ठळक छापलेले सापडते. जिलेटीन मात्र अ‍ॅलर्जीच्या चौदा गटांत नाही, म्हणून ठळक नसते, यादीत शोधावे लागते. नाव तिन्ही भाषांत जवळपास सारखेच.

हेच चॉकलेट इथल्या किंवा पुण्याच्या दुकानात रीतसर आयात होऊन आले असते, तर त्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असलेले लेबल लावलेले असते. बॅगेतून आलेल्या पाकिटाला ती सोय नाही. आणि आयातीच्या मालावरही स्टिकर मूळ यादीवर चिकटवलेला असेल तर तो हलकेच उचलून खालचे ठळक शब्द बघा. स्टिकरवर 'शुगर फ्री' आणि खाली अजूते किंवा अज्जुन्ती दिसले तर खालचे खरे धरा. अ‍ॅलर्जीबाबत दोन्हींत फरक असेल तर ज्यात जास्त मनाई आहे ते धरा.

मुलालाही चॉकलेट हवे असेल तर पुढच्या वेळी भावाला दुकानात उभे असतानाच पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा, समोरचा नको. 'व्हेगन' लिहिलेले बघून घेऊ नका, कारण त्यावरही दुधाच्या अंशाची ओळ असू शकते. फोटोत ठळक अक्षरांत आणि शेवटच्या ओळीत मिल्ख, ले, लात्ते किंवा निवळीचे आणि लोण्याचे शब्द कुठेच नाहीत हे पाहा, मगच घ्यायला सांगा. आता आणलेल्या वड्या मात्र डब्यात घालून वेगळ्या ठेवा, आणि बाबांनी तुकडा मोडल्यावर हात धुऊनच नातवाला जवळ घ्यावे.